शेवटचे दोन आकडे आधी

रुग्ण खिडकीशी आला तिथपासून त्याची फाईल डॉक्टरांच्या टेबलावर पोचेपर्यंतचा वेळ म्हणजे फाईल काढण्याचा वेळ. नुसते रॅकसमोरचे सेकंद मोजले, तर कागदी फायलींची कोणतीही पद्धत हवी तशी चांगली किंवा वाईट दाखवता येते. नाव विचारणं, ते समजणं, क्रमांक शोधणं, रॅकपाशी जाणं, फाईल ओढणं आणि ती त्याच माणसाची आहे हे बघणं, इतकं सगळं त्या वेळात येतं. खाली दोन पद्धतींची तुलना आहे ती याच मापाने: आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावलेल्या फायली आणि क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे लावलेल्या फायली. दुसरीला मोठ्या रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागात टर्मिनल डिजिट म्हणतात. छोट्या दवाखान्यात ती फारशी दिसत नाही, पण नाशिकसारख्या ठिकाणी तिचा विचार करण्याला कारण आहे.

उदाहरणासाठी पंचवटीतला एक मध्यम दवाखाना धरू. आठ हजार फायली, रोजचे साठ-सत्तर रुग्ण, खिडकीवर एक ताई आणि फायली काढायला-लावायला एक मावशी. रुग्ण आसपासच्या गल्ल्यांतले, तसेच पेठ रोड आणि दिंडोरी रोडने येणारे पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचे. कळवण-सटाण्याहून लेकीकडे मुक्कामाला आलेले म्हातारे आईवडील आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली उत्तरेकडची कुटुंबंही आहेत. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या दवाखान्याचे आकडे घालून पुढचा हिशेब तसाच करता येतो.

नावाने शोधताना वेळ कुठे जातो

अक्षरांची पद्धत सरळ वाटते, कारण रुग्ण आपलं नाव बरोबर घेऊनच येतो. अडचण अशी की नाशिक जिल्ह्यात थोडी आडनावं फार माणसांना पुरतात. पवार सुरगाण्याचे असतात आणि देवळ्याचेही. जाधव, शिंदे, गायकवाड, चौधरी यांचंही तेच. कसमादे पट्ट्यातून अहिरे, आहेर, देवरे, सोनवणे, निकम, भामरे, बच्छाव येतात. त्यामुळे आठ हजार फायली बाराखडीवर सारख्या पसरत नाहीत. ‘प’च्या कप्प्यात गर्दी आणि ‘ढ’चा कप्पा जवळजवळ रिकामा, असं होतं.

आता ‘सुनीता पवार’ शोधू. समजा पवारांच्या तीनशे फायली आहेत. त्यांत सुनीता काही ‘नी’ने लिहिलेल्या, काही ‘नि’ने. त्यांतली नेमकी कोणती हे मधल्या नावावरून ठरवायचं, पण मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. शेवटी वय बघायचं, आणि वय दर वर्षी बदलतं. जन्मवर्ष लिहिलं असतं तर बदललं नसतं. यात एक फाईल सापडते खरी, पण मावशींनी तोवर चार-पाच फायली ओढून उघडून परत सरकवलेल्या असतात, आणि त्यांतली एखादी चुकीच्या जागी सरकते.

लग्न झालेल्या मुलीची गोष्ट याहून अवघड. लहानपणापासून आहेर नावाने फाईल आहे. लग्नानंतर ती पवार झाली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि खिडकीवर नवं नाव सांगितलं. ‘प’मध्ये फाईल नाही, म्हणून नवी उघडली गेली. आता पेनिसिलिनची ॲलर्जी एका फाईलमध्ये आणि रक्तदाब दुसऱ्या फाईलमध्ये. हे नुकसान सेकंदांत मोजता येत नाही. तिचं बाळ बारशापर्यंत ‘बेबी पवार’ असतं, बारशानंतर त्याचं नाव वेगळं, आणि पुन्हा तोच घोळ.

इंग्रजीत नावं लिहिली, तर वाघ कधी व्ही खाली, कधी डब्ल्यू खाली जातात. ठाकरे आणि थोरात एकाच टी-एचमध्ये येतात. देवरे तीन तऱ्हांनी लिहिले जातात. देवनागरीत हा त्रास कमी, पण ‘अहेर’ की ‘आहेर’, ‘सोनवणे’ की ‘सोनावणे’ हे उरतंच.

तरीही अक्षरंच ठेवायची असतील तर

माझ्या मते दोन-अडीच हजार फायलींपर्यंत अक्षरं सोडू नयेत. तेवढ्यात पवारांच्या फायली हाताच्या पंजात मावतात आणि मधला क्रमांक शोधण्याचा खटाटोप वाचतो. पण मग नियम लिहून रॅकवर चिकटवावेत, नाहीतर ताई सुट्टीवर गेल्या की पद्धतही त्यांच्याबरोबर जाते.

आधी लिपी एकच ठरवा. माझा कौल देवनागरीला. मग क्रम: आडनाव, स्वतःचं नाव, मधलं नाव, जन्मवर्ष. लावताना ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा आणि अनुस्वार नाहीच असं समजा, म्हणजे शिंदे ‘शिदे’च्या जागी जातील आणि सुनीता-सुनिता शेजारी येतील. क्षीरसागर ‘क’मध्ये, ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये, श्रीखंडे ‘श’मध्ये. ज्यांना आडनाव नाही किंवा जे एकच नाव सांगतात, त्यांचं ते एक नावच आडनावाच्या जागी. नाव बदललं तर फाईल नव्या नावाच्या जागी न्या आणि जुन्या जागी एक पुठ्ठा ठेवा: ‘आता पवार, सुनीता पाहा’. हा पुठ्ठा कंटाळा करून टाळला जातो, आणि दुहेरी फायली होतात त्या बहुतेक तिथेच.

आकड्यांची मांडणी कशी वाचायची

आता दुसरी पद्धत. प्रत्येक रुग्णाला नोंदवहीतला पुढचा क्रमांक मिळतो, सहा आकडी: ००-००-०१ पासून सुरू. ५,८४७ वा रुग्ण म्हणजे ००-५८-४७. लिहिताना डावीकडून उजवीकडे, पण रॅकवर शोधताना उजवीकडून डावीकडे जायचं. आधी ४७ नंबरच्या कप्प्यापाशी. त्या कप्प्यात ५८. आणि त्यानंतर, गरज असली तर, ००.

कप्पे शंभर, ०० ते ९९. आठ हजार फायली झाल्या की प्रत्येक कप्प्यात ऐंशी, ना एक कमी ना एक जास्त, कारण क्रमांक ओळीने दिले की शेवटचे दोन आकडे शंभरांत एकदाच येतात. पवार असोत की यादव, सगळे सारखे पसरतात. ४७ च्या कप्प्यात ००-००-४७, ००-०१-४७, ००-०२-४७ असं होत ००-७९-४७ पर्यंत. ००-५८-४७ चे शेजारी ००-५७-४७ आणि ००-५९-४७. दहा हजार ओलांडले की त्याच्या लगेच पुढे ०१-५८-४७ येऊन बसेल. मावशींना एका वेळी दोन आकड्यांपलीकडे काही लक्षात ठेवावं लागत नाही, आणि वेग येतो तो याच्यामुळे.

साधे ओळीने क्रमांक का लावू नयेत, हा प्रश्न येतो. तिथे रोजचे नवे रुग्ण सगळे शेवटच्या रॅकवर जातात, आणि नवे रुग्णच दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला जास्त येतात. मग सगळी धावपळ एका टोकाला होते. जुन्या फायली काढल्या की पहिले रॅक रिकामे आणि शेवटचे गच्च, म्हणून दर वर्ष-दोन वर्षांनी सगळं सरकवावं लागतं. शेवटच्या आकड्यांनी लावलं की आजचे दहा नवे रुग्ण दहा वेगळ्या कप्प्यांत जातात आणि जागा सगळीकडे सारखी भरत जाते.

कृती

पहिल्यांदा जागा मोजा. बाह्यरुग्णांची पातळ फाईल सरासरी तीन मिलिमीटर जाडीची धरली, तर कप्प्यातल्या ऐंशी फायलींना २४ सेंटिमीटर लागतात. तीन फुटी लोखंडी रॅकच्या एका फळीवर तीस-तीस सेंटिमीटरचे तीन कप्पे बसतात, म्हणजे प्रत्येकात वीस फायलींची जागा मोकळी राहते. शंभर कप्प्यांना ३४ फळ्या, पाच फळ्यांचे सात रॅक, भिंतीला एकवीस फूट. एका रॅकवर पंधरा कप्पे. ४७ कुठे? पहिल्या रॅकवर ०० ते १४, दुसऱ्यावर १५ ते २९, तिसऱ्यावर ३० ते ४४, म्हणून ४७ चौथ्या रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर तिसरा. सातव्या रॅकची खालची फळी रिकामी राहते, ती परत लावायच्या फायलींना द्या. तीन मिलिमीटर हे माझं गृहीत आहे. तुमच्या शंभर फायली एकत्र दाबून पट्टीने मोजा आणि तो आकडा घाला. मधुमेहाचे रुग्ण जास्त असलेल्या दवाखान्यात फाईल सहज दुप्पट जाड निघेल आणि भिंत पुरणार नाही.

मग नोंदवही. एका माणसाला जन्मभर एकच क्रमांक, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणालाही नाही, माणूस गेला तरी नाही. दर भेटीला नवा क्रमांक किंवा दर जानेवारीला पुन्हा एकपासून, अशी सवय असेल तर ती आधी मोडावी लागेल. पंचवटीत यात्रेकरूही येतात, एकदाच येऊन ताप-जुलाबाचं औषध घेऊन जाणारे, आणि सिंहस्थात तर त्यांची रांग लागते. त्यांना कायमचा क्रमांक देऊ नका. तारखेप्रमाणे लावलेल्या वेगळ्या बॉक्समध्ये त्यांचा कागद ठेवा. तोच माणूस दुसऱ्यांदा आला, तर तेव्हा फाईल उघडा.

तिसरी गोष्ट सूची, म्हणजे नावावरून क्रमांक सांगणारी यादी. अक्षरं इथे परत येतात. फायली आकड्यांनी लावल्या तरी माणसं नावानेच येतात, त्यामुळे सूची नसेल तर ही पद्धत सुरूच करू नये. संगणकावर साधी एक्सेल शीट पुरते: क्रमांक, आडनाव, नाव, मधलं नाव, माहेरचं आडनाव, जन्मवर्ष, गाव, मोबाईल, आणि फाईल कुठे आहे. मोबाईलच्या शेवटच्या चार आकड्यांवरून शोधलं तर पवारांचा ढीग दोन-तीन नावांवर येतो. अख्खं घर एकाच मोबाईलवर असतं, म्हणून पुढे जन्मवर्ष बघावंच लागतं. क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर पुढची शून्यं गळतात आणि ००५८४७ चं ५८४७ होतं.

त्याच शीटमध्ये शेजारच्या रकान्यात हे सूत्र घाला. A2 मध्ये सहा आकडी क्रमांक आहे असं धरलं आहे:

```
=RIGHT(A2,2)&MID(A2,3,2)&LEFT(A2,2)
```

००५८४७ चं ४७५८०० होतं. उद्याच्या अपॉइंटमेंटची यादी या रकान्याप्रमाणे चढत्या क्रमाने लावली, की ती रॅकच्या क्रमानेच छापून येते. मावशी पहिल्या रॅकपासून सातव्यापर्यंत एकदाच चालत जाऊन सगळ्या फायली काढतात. वेळ ठरवून येणाऱ्यांचं प्रमाण जास्त असेल, तर या एका गोष्टीने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशाने वाचत नाही.

चौथी गोष्ट रंग. शून्य ते नऊ आकड्यांना दहा रंग ठरवा आणि फाईलच्या बाहेर येणाऱ्या कडेवर शेवटच्या दोन आकड्यांच्या दोन पट्ट्या चिकटवा. समजा चार हिरवा आणि सात केशरी. मग ४७ च्या कप्प्याची अख्खी कड वर हिरवी, खाली केशरी दिसते. चुकून ७४ ची फाईल तिथे आली तर रंग उलटे, आणि ते चार फुटांवरून कळतं. अक्षरांच्या पद्धतीत चुकलेली फाईल अशी ओरडत नाही. रंगांवर आकडाही छापलेला हवा, कारण काहींना हिरवा-लाल वेगळा ओळखता येत नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा: ५८ च्या जागी ८५ ला लागलेली फाईल त्याच ४७ च्या कप्प्यात असते, तिथे दोन्ही पट्ट्या बरोबरच दिसतात. मधल्या आकड्यांतल्या पहिल्याची तिसरी पट्टी लावली तर ही चूकही दिसते. फायली दहा हजारांच्या पुढे गेल्यावर तिचा खर्च करावा, त्याआधी गरज नाही.

पाचवी गोष्ट जागा-पुठ्ठा. फाईल निघाली की तिच्या जागी फायलीपेक्षा थोडा उंच पुठ्ठा जातो, त्यावर क्रमांक, तारीख आणि फाईल कुठे गेली: डॉक्टर, ड्रेसिंग, बिल, लॅब. परत लावताना हाच पुठ्ठा जागा दाखवतो, आणि हरवलेली फाईल कुणाकडे आहे हेही सांगतो.

जुन्या फायली एका दमात बदलू नका. आठ हजार फायलींना क्रमांक, पट्ट्या आणि सूचीतली नोंद, एकेकीला दोन मिनिटं धरली तरी सोळा हजार मिनिटं होतात, म्हणजे २६६ तासांहून जास्त. दोन माणसं रोज आठ तास हेच करत बसली तरी सतरा दिवस. त्याऐवजी एक तारीख ठरवा. त्या दिवसापासून जो रुग्ण येईल, त्याची फाईल अक्षरांच्या रॅकमधून निघेल आणि क्रमांक घेऊन नव्या रॅकवर जाईल. वर्षभराने अक्षरांच्या रॅकवर जे उरतं, ते न येणाऱ्या माणसांचं असतं आणि ते आपोआप वेगळं झालेलं असतं. तोवर नियम एकच: आधी सूचीत बघायचं, तिथे नाव नसेल तरच अक्षरांकडे जायचं. नव्या रॅकवर सुरुवातीपासून शंभर कप्प्यांचे दर्शक पुठ्ठे लावून ठेवा, मग फायली दहा असोत की हजार.

खिडकीवरचं कार्ड

हे सगळं झालं तरी वेग कार्डावर अवलंबून. रुग्णाला नाव-क्रमांकाचं कार्ड द्यायचं आणि दर वेळी मागायचं.

“आजी, कार्ड?”

“घरी राहिलं गं बाई. पिशवी बदलली ना.”

हे रोज होणार. त्यावर उपाय म्हणजे क्रमांक जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहायचा: औषधाच्या चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात, लॅबच्या पाकिटावर, पुढच्या तारखेच्या मेसेजमध्ये. माणूस कार्ड विसरतो, पण जुनी चिठ्ठी बहुतेक वेळा आणतो. कार्ड राहिलं म्हणून कुणालाही परत पाठवू नये, आणि नवा क्रमांक तर मुळीच देऊ नये.

क्रमांक तोंडी सांगताना एक काळजी घ्या. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, आणि घाईत ऐकणारा सात आधी लिहून ७४ करतो. एकोणसाठचा एकोणसत्तर होतो. खिडकीतून मागे ओरडताना “चार-सात, पाच-आठ” असे सुटे आकडे बोला, शेवटचे दोन आधी. आणि कागदावर आकडे एकाच लिपीत ठेवा, कारण मराठी चार आणि इंग्रजी आठ हाताने लिहिले की सारखे दिसतात. नव्या माणसाला शिकवताना पहिल्या दिवशी हेच दोन नियम सांगावेत.

कोणती पद्धत लवकर, हे कसं ठरवायचं

कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. गेल्या महिन्याच्या नोंदवहीतून डोळे मिटून पन्नास नावं काढा. एकाने नाव सांगायचं, दुसऱ्याने फाईल आणायची, तिसऱ्याने मोबाईलवर वेळ लावायची. वेळ फाईल टेबलावर आल्यावर आणि जन्मवर्ष जुळल्यावर थांबवायची. एका मिनिटात न सापडलेल्या फायली वेगळ्या मोजा, त्यांना सरासरीत बुडवू नका. शनिवारची गर्दीची संध्याकाळ आणि मंगळवारची निवांत सकाळ, दोन्ही वेळी मोजा. अक्षरांच्या पद्धतीत साधारण आडनावं पटकन येतात आणि पवार-जाधव-शिंदे खूप वेळ घेतात, म्हणून सरासरीपेक्षा सगळ्यात जास्त वेळ घेतलेल्या दहा फायली काय सांगतात ते बघा. आकड्यांच्या पद्धतीत वेळा एकमेकींच्या जवळ राहतात.

नवी पद्धत घ्यायच्या आधी एक चाचणी स्वस्तात होते. शंभर नको, दहा कप्पे करा, पाचशे फायलींवर तात्पुरते क्रमांक चिकटवा, आणि दोन आठवडे चालवा. मग तीन आकडे हातात येतात: अक्षरांनी फाईल काढायला लागणारा वेळ, क्रमांक माहीत असताना आकड्यांनी लागणारा वेळ, आणि सूचीतून क्रमांक शोधायला लागणारा वेळ. पाचशेतल्या वेळा आठ हजारांच्या नसतात, फायली वाढतील तशा त्या वाढतात, आणि अक्षरांच्या जास्त वाढतात, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

समजा अक्षरांनी सरासरी ३५ सेकंद, आकड्यांनी २०, आणि सूचीला ४० लागले. कार्ड हातात असेल तर आकड्यांनी पंधरा सेकंद वाचतात. नसेल तर साठ लागतात, म्हणजे पंचवीस जास्त. फायदा कुठवर? वाचलेल्या पंधराला सूचीच्या चाळीसने भागा, ३७.५ टक्के. म्हणजे आठ रुग्णांतले तीन क्रमांक न घेता आले तर दोन्ही पद्धती बरोबरीत. त्याहून जास्त आले तर अक्षरं लवकर, कमी आले तर आकडे लवकर. रोजच्या सत्तर रुग्णांत चौदा जण क्रमांकाशिवाय आले, तर आकड्यांना एकूण १,४०० आणि ५६० मिळून १,९६० सेकंद लागतात. अक्षरांना २,४५०. दिवसाला साधारण आठ मिनिटं वाचली. ऐकायला ती थोडी वाटतात, पण संध्याकाळी सहा ते आठच्या गर्दीत प्रत्येक अडलेली फाईल मागच्या सगळ्यांना थांबवते, आणि तिथे सरासरीपेक्षा न सापडणाऱ्या फायली कमी होणं जास्त मोलाचं.

या हिशेबातून एक गोष्ट निघते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रॅकवरचे वीस सेकंद पंधरावर आणण्यासाठी धडपडण्यापेक्षा सूचीचे चाळीस सेकंद दहावर आणा. खिडकीवरच्या संगणकावर मोबाईलने शोध सुरू केला की कार्ड विसरणाऱ्यांची भीतीच उरत नाही. सूचीला दहा सेकंद लागले, तर एकही माणूस कार्ड घेऊन आला नाही तरी वीस आणि दहा मिळून तीस, अक्षरांच्या पस्तीसपेक्षा कमीच.

फाईल सापडत नाही तेव्हा

रॅक उपसायला घेऊ नका. आधी डॉक्टरांचं टेबल, बिलाचा ट्रे, ड्रेसिंगची खोली आणि परत लावायची फळी बघा. न सापडणारी फाईल पुष्कळदा रॅकवर चुकलेली नसून रॅकवर आलेलीच नसते. तिथे नसेल तर ठरावीक क्रमाने जा. ००-५८-४७ नसेल तर ४७ च्या कप्प्यात ८५ ला बघा, मग ७४ च्या कप्प्यात ५८ ला. त्यानंतर मधले आणि शेवटचे आकडे उलटून ५८ च्या कप्प्यात ४७ ला. मग सातचा एक वाचला गेला असेल म्हणून ४१ चा कप्पा. शेवटी, शेजारच्या फायलीच्या पोटात सरकलेली असेल म्हणून ५७ आणि ५९ उघडून बघा. सहा-सात जागा बघून होतात. अक्षरांच्या पद्धतीत चुकलेली सुनीता कुठल्याही आडनावात असू शकते, आणि असा क्रम लावताच येत नाही.

दिवसभराच्या साठ-सत्तर फायली परत लावताना हातात ढीग घेऊन रॅकपाशी जाऊ नका. टेबलावर आधी शेवटून दुसऱ्या आकड्याप्रमाणे दहा गठ्ठे करा: चाळिसातले, पन्नासातले. मग प्रत्येक गठ्ठा शेवटच्या आकड्याने लावा. हे दहा मिनिटांचं काम दुपारी करावं. रात्री दवाखाना बंद करताना थकलेल्या डोळ्यांनी लावलेल्या फायली दुसऱ्या दिवशी शोधाव्या लागतात.

रोज एक कप्पा पूर्ण वाचायचा, पहिल्या फायलीपासून शेवटच्यापर्यंत, नुसते मधले आकडे चढते आहेत ना बघत. ऐंशी फायलींना पाच मिनिटं पुरतात. शंभर कामाच्या दिवसांत सगळे रॅक तपासून होतात आणि पुन्हा ०० पासून सुरू करता येतं.

त्याच वाचनात जुन्या फायली काढा. प्रत्येक फाईलवर शेवटच्या भेटीच्या वर्षाचा छोटा स्टिकर असेल, तर हे बघता बघता होतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितलं आहे, आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायला. लहान मुलांच्या आणि पोलीस केसच्या फायली त्याहून जास्त काळ ठेवाव्यात, आणि कुठलीही फाईल नष्ट करण्याआधी डॉक्टरांची सही घ्यावी. काढलेली फाईल माळ्यावरच्या पेटीतही त्याच क्रमाने, शेवटचे दोन आकडे आधी धरून लावा, आणि सूचीत तिच्या नावापुढे ‘माळा, पेटी ४’ असं लिहा. सहा वर्षांनी तो माणूस परत आला, तर त्याचा क्रमांक तोच राहील.